शेकडा घट कशाची? बांधकाम-साहित्याच्या घटीचे प्रमाण ठरविण्याविषयी

इमारतीचे अंदाजपत्रक तयार करताना नकाशावरून निघालेल्या परिमाणात काही टक्के भर घालण्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे. सिमेंटासाठी २ ते ३ टक्के, सळईच्या पोलादासाठी ३ ते ५, वाळूसाठी १० ते १५, सरळ ओळींत बसवावयाच्या फरशांसाठी ५ व तिरक्या मांडणीसाठी १०, आणि रंगासाठी सुमारे ५, अशी प्रमाणे सामान्यतः घेतली जातात. ही प्रमाणे चुकीची आहेत असे नाही. तथापि ती कोणत्या राशीची आहेत आणि कोणत्या कारणासाठी आहेत, या दोन प्रश्नांची उत्तरे दिल्याशिवाय ती वापरली, तर त्यांना फारसा अर्थ उरत नाही. प्रस्तुत लेखात हे दोन प्रश्न प्रत्येक साहित्याच्या संदर्भात क्रमाने तपासावयाचे आहेत.

प्रथम शब्दांकडे पाहू. बांधकामाच्या जागी आज ‘वेस्टेज’ हा एकच शब्द सर्व प्रकारच्या उणिवेला लावला जातो. मराठीत मात्र यासाठी निरनिराळे शब्द पूर्वीपासून आहेत, आणि त्यांतील भेद येथे उपयोगी पडण्यासारखा आहे. वस्तूच्या स्वभावामुळे किंवा कामाच्या रीतीमुळे जी कमी होते, ती घट. सोनाराच्या व्यवहारात हा शब्द याच अर्थाने येतो. हिशेबातील आकडा आणि प्रत्यक्ष मोजणी यांत जे अंतर पडते, ती तूट. आणि निष्काळजीपणामुळे जे वाया जाते, ती नासाडी. घट धरावी लागते, तुटीचा उलगडा करावा लागतो, आणि नासाडी थांबवावी लागते. तिन्हींसाठी मिळून एकच टक्केवारी ठेवली म्हणजे या तीन कर्तव्यांपैकी एकही नीट पार पडत नाही. पुढील विवेचनात हे शब्द याच मर्यादित अर्थाने योजले आहेत.

वाळू : मापातील तूट

वाळूपासून आरंभ करण्याचे कारण असे की, तिच्या बाबतीत सर्वांत मोठी टक्केवारी धरली जाते आणि तिचाच उलगडा बहुधा सर्वांत कमी होतो. वाळू आपल्याकडे ब्रासवर, म्हणजे १०० घनफुटांच्या मापावर, विकत घेतली जाते. ते आकारमानाचे माप आहे, वजनाचे नव्हे. थोडी ओलसर वाळू कोरड्या वाळूपेक्षा अधिक जागा व्यापते, कारण प्रत्येक कणाभोवती पाण्याचा पातळ थर बसतो आणि तो कणांना एकमेकांपासून दूर ठेवतो. वजनाच्या सुमारे ४ ते ६ टक्के ओलावा असताना हा फुगवटा सर्वाधिक असतो. पाणी आणखी वाढविले की तो कमी होत जातो, आणि वाळू पूर्णपणे पाण्यात बुडाली म्हणजे तिचे आकारमान पुन्हा कोरड्या वाळूइतकेच भरते. वाळू जितकी बारीक, तितका फुगवटा मोठा. दगड भरडून केलेल्या कृत्रिम वाळूलाही हा गुण चुकलेला नाही.

या गुणावरूनच परीक्षेची सोपी रीत निघाली आहे. सरळ बाजूंच्या भांड्यात ओलसर वाळू सैल भरावी व तिची उंची मोजावी. नंतर ती बाहेर काढून, भांड्यात अर्धे पाणी घेऊन, वाळू पुन्हा त्यात टाकावी, ढवळावी आणि बसू द्यावी. समजा, पहिली उंची २० सेंटिमीटर होती आणि पाण्याखाली बसल्यावर ती १६ सेंटिमीटर झाली. येथे ४ सेंटिमीटरांचा फरक पडला. तो १६ च्या मानाने २५ टक्के आहे आणि २० च्या मानाने २० टक्के. दोन्ही आकडे खरे आहेत, परंतु त्यांचे अर्थ भिन्न आहेत. गाडीतून आलेल्या मालात २० टक्के तूट आहे, म्हणजे २ ब्रासच्या गाडीत वस्तुतः १.६ ब्रास वाळू आहे. पण लागणारी वाळू पुरी पडण्यासाठी मागणीत भर घालावयाची ती २५ टक्के. कामाला ८ ब्रास कोरडी वाळू हवी असेल तर १० ब्रास मागवावी लागेल. तूट २० टक्के आहे म्हणून ८ वर २० टक्के चढवून ९.६ ब्रास मागविली, तर हाती ७.६८ ब्रासच येईल. ‘शेकडा’ या शब्दाला षष्ठीची जोड हवीच, हा नियम येथे केवळ व्याकरणाचा राहत नाही.

ही २५ टक्के भर म्हणजे घट नव्हे. वाळू कोठे गेली नाही; ती आलीच नव्हती. हे ध्यानात न घेता १५ टक्के धरणारा अंदाजपत्रककार काम अडल्यावर चोरीचा संशय घेतो किंवा पुढील कामासाठी प्रमाण २५ वर नेऊन ठेवतो. मग उन्हाळ्यात कोरडी वाळू येते तेव्हा तेवढ्याच भरीत खरी नासाडी सुखाने लपून राहते. म्हणून फुगवट्याची भर प्रत्येक खेपेच्या परीक्षेवरून ठरवावी. तिचा कायमचा दर बांधू नये.

खऱ्या घटीची कारणे दोन : चाळणीवर राहणारे खडे, आणि ढिगाच्या तळाशी मातीत मिसळणारा थर. दुसऱ्या कारणाचा अंदाज साध्या भागाकाराने येतो. वाळू उघड्या जमिनीवर १ फूट जाडीने पसरली आणि तळचा १ इंच मातीत गेला, तर बारावा हिस्सा, म्हणजे ८ टक्क्यांहून अधिक वाळू गेली. तीच वाळू तीन बाजूंनी आडोसा करून ४ फूट उंच रचली, तर तोच १ इंच म्हणजे अठ्ठेचाळिसावा हिस्सा, सुमारे २ टक्के. येथील टक्केवारी वाळूची नसून जागेच्या व्यवस्थेची आहे.

पोलाद : वजन आणि लांबी

वाळू आकारमानाने घेतली जाते. सळई वजनाने विकत घेतली जाते आणि लांबीने वापरली जाते. या दोन मापांना जोडणारे सूत्र प्रसिद्ध आहे : व्यासाच्या मिलिमीटरांचा वर्ग करून त्याला १६२ ने भागले, की एका मीटरचे वजन किलोग्रॅममध्ये मिळते. ८ मिलिमीटरच्या सळईसाठी हे वजन ०.३९५ येते, म्हणजे एका टनात सुमारे २५३२ मीटर. परंतु भारतीय मानक १७८६ अन्वये १० मिलिमीटरपर्यंतच्या सळयांच्या वजनात दोन्ही बाजूंना ७ टक्के फरक चालतो. सळई ४ टक्के जड निघाली तर त्याच टनात सुमारे २४३४ मीटरच मिळतील, आणि जवळजवळ १०० मीटर ‘वाया गेले’ असे हिशेब सांगेल. ही पुन्हा तूट आहे, घट नव्हे. प्रत्येक खेपेतून एक मीटरचा तुकडा अचूक कापून तोलला, म्हणजे तिचा उलगडा होतो.

खरी घट कापणीत आहे. सळया बहुधा १२ मीटर लांबीच्या येतात. समजा, तुळयांसाठी १६ मिलिमीटर व्यासाचे, ५.२ मीटर लांबीचे ४० तुकडे हवे आहेत. एका सळईतून दोन निघतात आणि १.६ मीटर उरते. वीस सळया, म्हणजे २४० मीटर, विकत घेऊन २०८ मीटर उपयोगी पडले. ३२ मीटर उरले. खरेदीच्या मानाने ही घट १३.३ टक्के आहे. परंतु त्याच मजल्यावर आधारांच्या वरच्या बाजूस, त्याच व्यासाचे, १.५ मीटरचे २० तुकडे लागत असतील, तर ते याच उरलेल्या भागांतून निघतात, आणि वाया जाते ते केवळ २ मीटर : १ टक्क्याहूनही कमी. हेच तुकडे स्वतंत्रपणे कापले असते तर आणखी तीन सळया, म्हणजे सुमारे ५७ किलोग्रॅम पोलाद, लागले असते.

नकाशा तोच, सळई तीच, कारागीर तोच. तरी एकदा १३ टक्के आणि एकदा १ टक्का. यावरून असे म्हणता येईल की पोलादाची घट हा कापणीच्या यादीचा गुणधर्म आहे. सळया कापण्यापूर्वी सर्व मजल्याची यादी व्यासवार एकत्र करावी, लांब तुकड्यांपासून आरंभ करावा, आणि घटीचे प्रमाण त्या यादीवरून काढावे. ३ ते ५ टक्के हा आकडा यादी तयार होण्यापूर्वीच्या अंदाजापुरता योग्य आहे; यादी झाल्यावर तो सोडून दिला पाहिजे. येथे एक सूचना आवश्यक आहे. दोन सळयांच्या जोडावरील लांबी आणि टोकांचे आकडे ही घट नव्हेत. ती रचनेचा भाग असल्याने मूळ परिमाणातच मोजावयाची असतात. ती घटीत ढकलली, की घटीचा आकडा फुगतो आणि त्याची तपासणी अशक्य होते.

फरशा : खोलीचे मोजमाप

कापणीचा हाच प्रश्न फरशीत दोन दिशांनी येतो. ३.२५ मीटर रुंद व ४ मीटर लांब खोलीत ६०० मिलिमीटरच्या चौरस फरशा सरळ ओळींत बसवावयाच्या आहेत असे धरू; सांध्यांची जाडी सोयीसाठी सोडून देऊ. रुंदीत पाच अखंड फरशा बसून २५ सेंटिमीटर उरतात, लांबीत सहा बसून ४० सेंटिमीटर. अखंड फरशा ३० झाल्या. २५ सेंटिमीटरच्या पट्टीला सहा तुकडे लागतात. एका फरशीतून असे दोन निघतात, म्हणून ३ फरशा. ४० सेंटिमीटरच्या पट्टीला पाच तुकडे लागतात. एका फरशीतून एकच निघतो, म्हणून ५ फरशा. कोपऱ्याच्या तुकड्यासाठी उरलेल्या पट्ट्या अरुंद पडतात, म्हणून आणखी १. एकूण ३९ फरशा, म्हणजे १४.०४ चौरस मीटर. खोलीचे क्षेत्र १३ चौरस मीटर. भर ८ टक्के.

आता खोली केवळ १० सेंटिमीटरने रुंद करू. रुंदीत ३५ सेंटिमीटर उरतील. हा तुकडा अर्ध्या फरशीहून मोठा असल्याने एका फरशीतून एकच निघेल, आणि त्या पट्टीला ३ ऐवजी ६ फरशा लागतील. एकूण ४२ फरशा, म्हणजे १५.१२ चौरस मीटर. क्षेत्र १३.४ चौरस मीटर. भर जवळजवळ १३ टक्के. उलट खोली ३ मीटर बाय ४.२ मीटर असती तर एकही फरशी कापावी लागली नसती. उरणारा तुकडा अर्ध्या फरशीच्या आत आहे की बाहेर, यावर सर्व अवलंबून आहे. ५ टक्क्यांचा सरसकट नियम पहिल्या खोलीत कमी पडतो, दुसऱ्या खोलीत फारच कमी पडतो आणि तिसऱ्या खोलीत अधिक होतो. अनेक खोल्यांची सरासरी घेतली तर तो कदाचित जुळेल, पण कोणत्या खोलीत हलगर्जी झाली हे तो सांगू शकणार नाही. कापणीची मोजणी खोलीवार करून तिच्यावर वाहतुकीतील फुटीसाठी १ ते २ टक्के वेगळे धरणे हा अधिक सरळ मार्ग होय. पुढील दुरुस्तीसाठी त्याच छटेच्या चार-सहा फरशा राखून ठेवावयाच्या असतील, तर त्या ‘राखीव’ म्हणून स्वतंत्र लिहाव्यात. त्यांना घट म्हणणे हा शब्दाचा दुरुपयोग होय.

सिमेंट : भिंतीत दडलेली नासाडी

आतापर्यंतच्या उदाहरणांत उरलेला माल डोळ्यांना दिसत होता. सिमेंटाच्या बाबतीत वाया गेलेला माल बहुधा दिसतच नाही. फाटलेल्या गोणी, ओल लागून घट्ट झालेले सिमेंट, दिवसाअखेर घमेल्यात राहिलेला मसाला, हे सर्व मिळून १ ते २ टक्क्यांच्या आसपास असते. मोठा भाग असतो तो गिलाव्याच्या जाडीत. ब्रिटनमधील बांधकाम-संशोधन संस्थेत काम करणारे स्कॉइल्स यांनी १९७० च्या दशकात साहित्याच्या अपव्ययाचे प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष असे दोन वर्ग केले. माल नष्ट झाला तर तो प्रत्यक्ष. माल कामात राहिला, परंतु ज्यासाठी पैसे मिळत नाहीत अशा जागी गेला, तर तो अप्रत्यक्ष. जाड गिलावा हे दुसऱ्या वर्गाचे स्पष्ट उदाहरण होय.

आकड्यांत पाहू. १०० चौरस मीटर भिंतीवर १२ मिलिमीटर जाडीचा गिलावा म्हणजे १.२ घनमीटर ओला मसाला. त्यासाठी सुमारे १.६ घनमीटर कोरडे मिश्रण लागते. एकास चार या प्रमाणात त्याचा पाचवा हिस्सा सिमेंट, म्हणजे ०.३२ घनमीटर, वजनाने सुमारे ४६० किलोग्रॅम. या झाल्या ९.२ गोणी; विटांच्या सांध्यांत भरणारा मसाला याहून वेगळा. भिंत ओळंब्यात नसल्यामुळे सरासरी जाडी १५ मिलिमीटर झाली, तर ११.५ गोणी लागतील. भर २५ टक्के. गोणी फाटल्याने होणारी घट २ टक्के धरली तरी ती या कामात एका गोणीच्या पाचव्या हिश्श्याइतकीच होते. जाडीमुळे मात्र सव्वादोन गोणींहून अधिक सिमेंट गेले. या नासाडीचे मूळ गिलावा करणाऱ्याकडे नसून आधी भिंत बांधणाऱ्याकडे आहे, हेही येथे नमूद केले पाहिजे.

रंग : न बदलणारी घट

रंगाच्या बाबतीत एक निराळीच अडचण येते. रोलरमध्ये शोषला जाणारा आणि डब्याच्या कडांना चिकटून राहणारा रंग कामाच्या आकाराबरोबर वाढत नाही. तो प्रत्येक छटेमागे व प्रत्येक बैठकीमागे जवळजवळ ठराविक असतो. समजा, तो अर्धा लिटर आहे. ४० लिटरांच्या कामात हे सव्वा टक्का झाले, पण वेगळ्या छटेच्या एका भिंतीसाठी लागणाऱ्या २ लिटरांत २५ टक्के. अशा घटीला टक्केवारीचे रूप देणेच चूक. ती ‘दर छटेस अर्धा लिटर’ अशीच लिहावी. तसेच नवा गिलावा जो रंग शोषून घेतो, तो वाया जात नाही. तो लागणाऱ्या परिमाणाचा भाग आहे आणि डब्यावरील ‘एका लिटरात इतके चौरस मीटर’ या आकड्यावरून तो समजत नाही. त्यासाठी त्याच भिंतीचा १० चौरस मीटर भाग रंगवून, किती रंग गेला हे मोजावे, आणि तोच दर पुढे लावावा. फवाऱ्याने रंग देताना हवेत उडून जाणारा अंश मोठा असतो, म्हणून ब्रश व रोलरसाठी धरलेले ५ टक्के तेथे मुळीच लागू पडत नाहीत.

प्रमाण ठरविण्याची रीत

वरील विवेचनावरून रीत आपोआप निष्पन्न होते. प्रथम नकाशावरून निव्वळ परिमाण काढावे, आणि जोड, शोषण यांसारखे रचनेचे भाग त्यात समाविष्ट करावेत. मग मापातील फरकाची भर परीक्षेवरून, कापणीची भर यादीवरून आणि हाताळणीची भर अनुभवावरून, अशी स्वतंत्र लिहावी. नासाडीसाठी काहीही धरू नये. शेवटी पहिला मजला झाल्यावर हिशेब जुळवून पाहावा.

त्याचे एक उदाहरण घेऊ. एका मजल्यासाठी सिमेंटाचे निव्वळ परिमाण ६४० गोणी निघाले. आल्या ७००, शिल्लक ४२, खर्च ६५८. अधिक खर्च १८ गोणींचा, म्हणजे २.८ टक्के. रूढ नियमाप्रमाणे हे प्रमाण ३ च्या आत असल्याने वही मिटून ठेवली जाईल. परंतु गोदामाच्या नोंदीत फाटलेल्या व घट्ट झालेल्या गोणी ५ च आहेत, निव्वळ परिमाणाच्या ०.८ टक्के. उरलेल्या १३ गोणी कोठे गेल्या? त्या मजल्यावर १२ मिलिमीटर जाडीचा ८०० चौरस मीटर गिलावा झाला असून त्याला सुमारे ७४ गोणी लागावयास हव्या होत्या. त्या सर्व १३ गोणी तेथेच गेल्या असतील, तर सरासरी जाडी १४ मिलिमीटरच्या किंचित वर असली पाहिजे. हे अनुमान दारे-खिडक्यांच्या कडांशी जाडी मोजून एका तासात पडताळता येते. ते खरे ठरले, तर पुढील मजल्यासाठी हाताळणीची घट १ टक्का धरावी आणि गवंड्याला गिलाव्यापूर्वी ओळंब्याने जाडीच्या खुणा करावयास सांगावे. ते खोटे ठरले, तर तूट उलगडायची राहिली आहे आणि शोध गोदामाच्या दाराशी सुरू झाला पाहिजे.

प्रमाण सैल ठेवल्याने पैसा जातो, हे सर्वांना समजते. ते अवाजवी आवळल्याने काय होते, याचा विचार कमी होतो. ठेकेदाराला दिलेली मर्यादा खऱ्या घटीहून कमी असेल, तर ती पुरी करण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे मसाल्यात सिमेंट कमी टाकणे. मग वहीतील आकडा जुळतो आणि उणीव भिंतीत किंवा स्लॅबमध्ये जाऊन बसते. म्हणूनच केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या करारांतील अटींत मोठ्या कामांसाठी सिमेंटाच्या खर्चातील २ टक्क्यांचा चालणारा फरक अधिक आणि उणे असा दोन्ही बाजूंना सांगितलेला आढळतो. मर्यादेपेक्षा कमी सिमेंट लागले तर ती काटकसर म्हणून गौरविली जात नाही. तिचाही जाब ठेकेदाराला द्यावा लागतो. वर मांडलेल्या हिशेबातही हीच दृष्टी हवी. एखाद्या मजल्यावर सिमेंटाचा खर्च निव्वळ परिमाणाच्याही खाली आला, तर तो मजला सर्वांत आधी तपासावा.